काळ्या पट्टीवरची गाडी: एक वजाबाकी, एक बेरीज

ठाण्यात किंवा नवी मुंबईत एखाद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात चक्कर मारलीत, तर पांढऱ्या कागदावर काळी टेप आणि टेपवरून डुलत-डुलत जाणारी छोटी गाडी दिसण्याची बरीच शक्यता असते. बघणाऱ्यांना ते डुलणं गोड वाटतं. खरं तर गाडीला सरळ चालता येत नाही, म्हणून ती डुलते. तेच सेन्सर आणि त्याच मोटारी वापरून, फक्त सेन्सरकडून येणारी माहिती वेगळ्या तऱ्हेने घेतली, तर हे डुलणं जवळजवळ थांबवता येतं.

आधी गाडीत काय असतं ते पाहू. पिवळ्या गिअरच्या दोन मोटारी, त्यांना दोन चाकं, पुढे तोल सांभाळायला एक फिरतं चाक, मोटारींना वीज पुरवणारं ड्रायव्हर सर्किट आणि आर्डुइनो उनोसारखा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. लॅमिंग्टन रोडला एका फेरीत हे सगळं मिळतं. सुकाणू नसतं. डावं चाक हळू आणि उजवं जोरात फिरवलं की गाडी डावीकडे वळते, एवढंच तिचं वळणं. मायक्रोकंट्रोलर प्रत्येक मोटारीला 0 ते 255 मधला एक आकडा देतो आणि चाकाचा वेग साधारण त्या आकड्याच्या प्रमाणात राहतो.

गाडीच्या पोटाखाली, जमिनीपासून काही मिलिमीटरवर, दोन सेन्सर शेजारी-शेजारी बसवलेले असतात. सर्रास वापरला जातो तो टीसीआरटी5000. त्यात अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरण सोडणारा एक एलईडी असतो आणि परत आलेले किरण पकडणारा एक फोटोट्रान्झिस्टर. पांढरा कागद किरण परत फेकतो, काळी टेप गिळते. आता इथे एक गंमत आहे: डोळ्यांना काळं दिसणारं सगळंच इन्फ्रारेडला काळं नसतं. अनेक काळ्या स्केचपेनांची शाई या किरणांना आरपार जाऊ देते, खालचा पांढरा कागद ते परत फेकतो आणि सेन्सरला तिथे रेघच दिसत नाही. काजळीसारखा कार्बन असलेला काळा रंग मात्र खरोखर किरण शोषतो, म्हणून वायरमनची काळी टेप भरवशाची. लेझर प्रिंटरची छपाईही चालते. शंका असेल तर सेन्सर त्या काळ्यावर धरून आकडा बघावा, डोळ्यांवर विसंबू नये.

सेन्सरच्या तयार मॉड्यूलवर बहुतेक वेळा दोन आउटपुट असतात. एक D0, जो फक्त ‘काळं’ किंवा ‘पांढरं’ एवढंच सांगतो. दुसरा A0, जो किती किरण परत आले त्याप्रमाणे कमी-जास्त होणारं व्होल्टेज देतो. डुलणारी गाडी D0 वर चालते. डाव्या सेन्सरला काळं दिसलं की डावीकडे वळ, उजव्याला दिसलं की उजवीकडे. पट्टी केसभर सरकली तरी वळण तेवढंच, बोटभर सरकली तरी तेवढंच. त्यामुळे दरवेळी गाडी मध्य ओलांडून पलीकडे जाते आणि तिथून पुन्हा परत येते.

A0 वापरला की चित्र पालटतं, पण त्यासाठी सेन्सर नेमक्या जागी हवेत. टेप 18 मिलिमीटर रुंद असेल, तर दोन सेन्सरच्या मध्यांमधलं अंतरही 18 मिलिमीटर ठेवायचं. म्हणजे गाडी मधोमध असताना प्रत्येक सेन्सर टेपच्या एकेका काठावर येतो: त्याच्या नजरेत अर्धं काळं, अर्धं पांढरं. गाडी जराशी उजवीकडे सरकली की डाव्या सेन्सरखाली काळं वाढतं आणि उजव्याखाली पांढरं. काठावर बसल्यामुळेच सेन्सरला मिलिमीटरचा फरक कळतो.

उनो बोर्ड A0 चं व्होल्टेज 0 ते 1023 या आकड्यांत वाचतो. नेहमीच्या मॉड्यूलवर पांढऱ्याचा आकडा लहान आणि काळ्याचा मोठा येतो. पण कुठलेही दोन सेन्सर सारखे नसतात. समजा डावा पांढऱ्यावर 70 आणि काळ्यावर 790 दाखवतो, तर उजवा 110 आणि 860. हे आकडे तसेच वापरले तर गाडी कायम एका अंगाला झुकून चालेल. म्हणून प्रत्येक सेन्सर आधी पूर्ण पांढऱ्यावर, मग पूर्ण काळ्यावर धरून त्याचे दोन्ही आकडे टिपायचे आणि प्रोग्रॅममध्ये दोघांनाही 0 ते 1000 या एकाच मापात बसवायचं. 0 म्हणजे पूर्ण पांढरं, 1000 म्हणजे पूर्ण काळं. या मापातल्या डाव्याला L म्हणू, उजव्याला R. गाडी मधोमध असेल तर दोन्ही 500 च्या आसपास असतात आणि L − R शून्य येतं. ही वजाबाकी म्हणजेच गाडीची चूक. ती धन आली तर डावीकडे वळायचं, ऋण आली तर उजवीकडे, आणि किती वळायचं तेही तीच सांगते. चुकीला एका ठरावीक अपूर्णांकाने गुणायचं, आलेली रक्कम डाव्या मोटारीतून वजा करायची आणि उजवीत मिळवायची.

तो अपूर्णांक 0.08 धरू आणि दोन्ही मोटारींचा मूळ वेग 110. चूक 300 आली, तर दुरुस्ती 24. डावी मोटार 86 वर, उजवी 134 वर. दोन चाकांत 13 सेंटिमीटर अंतर असेल, तर अशी गाडी किती त्रिज्येच्या वर्तुळात फिरेल? अर्ध्या अंतराला, म्हणजे 6.5 ला, मूळ वेगाने गुणायचं आणि दुरुस्तीने भागायचं: 6.5 × 110 ÷ 24, साधारण 30 सेंटिमीटर. आता हेच उलटं वाचा. 30 सेंटिमीटर त्रिज्येचं डावं वळण गाडीला पार करायचं असेल, तर वळण संपेपर्यंत 300 ची चूक तिच्यापाशी असायलाच हवी. चूक शून्य झाली तर ती सरळ जाईल! म्हणून ही गाडी वळणावर टेपच्या मध्यावरून जात नाही, बाहेरच्या बाजूला थोडी सरकून चालते. सेन्सर काठापासून 5 मिलिमीटरवर पूर्ण काळा होतो असं धरलं, तर 300 म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना ते कळणारही नाही.

चुकीची कमाल 1000. तेव्हा दुरुस्ती 80 होते आणि त्रिज्या सुमारे 9 सेंटिमीटर. मात्र तेव्हा डाव्या मोटारीला 30 मिळतात आणि इतक्या कमीत पिवळी मोटार बहुधा फिरतच नाही, नुसती गुणगुणते. गाडी त्या थांबलेल्या चाकाभोवती वळते. मूळ वेग 110 चा 180 केला आणि 0.08 तसाच ठेवला, तर सूत्राप्रमाणे कमाल वळण 15 सेंटिमीटरच्या आसपास येतं. वेग वाढवल्यावर गाडी वळणावर बाहेर फेकली जाते ती यामुळे. वेगाच्या प्रमाणात गुणकही वाढवायला हवा.

पण गुणक फार वाढवला की डुलणं परत येतं, कारण सेन्सरने पाहिल्यापासून जड गाडीचा रोख प्रत्यक्ष बदलेपर्यंत वेळ जातो. गुणक शोधायची रीत सोपी आहे. लहान आकड्यापासून सुरुवात करायची. गाडी वळण चुकते तोवर वाढवत जायचं. सरळ पट्टीवर शेपूट हलायला लागली की थोडं मागे यायचं. शेपूट फारच हलत असेल तर प्रोग्रॅम सोडून स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा आणि सेन्सर चाकांच्या आसापासून आणखी दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकवावेत. सेन्सर पुढे असले की गाडी किती सरकली आहे याबरोबर तिचं तोंड कुठे वळलंय हेही त्या वजाबाकीत मिसळतं. गाडी मध्याकडे परत येताना तोंड आधी मध्यावर पोचतं, चूक आधीच कमी होते आणि गाडी वेळेवर सावरते. माझ्या मते बहुतेक मुलं ज्यासाठी प्रोग्रॅम लांबवत बसतात, ते काम ही दोन सेंटिमीटर करतात.

दोन सेन्सरच्या गाडीची खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शेजारची आठवीतली मुलगी तिची गाडी चालवत होती. एका आवळ वळणावर गाडीने टेप सोडली आणि नाकासमोर थेट भिंतीकडे निघाली. “काका, हिला चुकल्याचं कळतच नाहीये,” ती म्हणाली. अगदी बरोबर. गाडी उजवीकडे सरकत गेली तर वजाबाकी 5 मिलिमीटरपर्यंत वाढून 1000 होते आणि काही काळ तिथेच राहते. पुढे डावा सेन्सर टेपच्या दुसऱ्या काठाशी येतो, तेव्हा ती उतरू लागते: 18 मिलिमीटरवर 500, 23 वर शून्य. दोन्ही सेन्सर पांढऱ्यावर, फरक शून्य, म्हणजे गाडीच्या हिशेबी सगळं आलबेल.

यावरचा उपाय त्याच दोन आकड्यांत दडलाय. त्यांची बेरीज करा. मधोमध असताना 500 अधिक 500, म्हणजे 1000. एका बाजूला पुरती सरकली तरी 1000 अधिक 0, पुन्हा 1000. टेप हरवली की बेरीज शून्याकडे घसरते. दोन टेपा एकमेकींना छेदतात तिथे ती 2000 च्या जवळ जाते. म्हणजे वजाबाकी बाजू सांगते आणि बेरीज टेप खाली आहे की नाही ते. बेरीज 400 च्या खाली गेली, की नवी वजाबाकी मानायची नाही. शेवटची चूक ज्या बाजूची होती त्या बाजूला पूर्ण जोर लावायचा. e ही चूक मागच्या फेरीची लक्षात राहील अशी ठेवली, की प्रोग्रॅमचा गाभा एवढाच:

```
if (L + R > 400) e = L - R;
else e = (e > 0) ? 1000 : -1000;
int c = 0.08 * e;
analogWrite(5, constrain(110 - c, 0, 255));
analogWrite(6, constrain(110 + c, 0, 255));
```

पिन 5 ला डावी मोटार, 6 ला उजवी.

बेरजेचा एक कच्चा दुवा आहे, तो म्हणजे ऊन. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी फरशीवर पडलेल्या कवडशात गाडी शिरली, की दोन्ही सेन्सरना काळी टेपसुद्धा पांढुरकी दिसते. वजाबाकीत हा सारखा वाढलेला उजेड बराचसा कटून जातो, पण बेरीज कोसळते आणि टेपवरच असलेली गाडी टेप शोधत गरकन वळते. रात्री एलईडी ट्यूबच्या उजेडात जुळवलेली गाडी दुसऱ्या दिवशी अशी वेड्यासारखी वागली, तर L आणि R सिरियल मॉनिटरवर छापून बघावेत. गाडी मधोमध असताना दोन्ही आकडे 500 ऐवजी 150 वगैरे दिसले, तर ऊनच कारण.

सेन्सरभोवती जाड काळ्या कागदाची झालर लावली की पुष्कळ फरक पडतो. तो कागद इन्फ्रारेडलाही काळा आहे ना, हे सेन्सरनेच तपासून घ्यावं. आणखी पक्का उपाय म्हणजे सुटा टीसीआरटी5000 घेऊन त्याचा एलईडी 220 ओहमच्या रेझिस्टरमधून मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडणं. एकदा एलईडी बंद ठेवून वाचायचं, एकदा चालू ठेवून. दोन्हींतला फरक म्हणजे फक्त आपल्या एलईडीचे परत आलेले किरण. अर्थात या फरकात पांढऱ्याचा आकडा मोठा येतो, तेव्हा 0 ते 1000 चं माप पुन्हा बसवावं लागतं. पण ऊन इतकं कडक असेल की एलईडी बंद असतानाच फोटोट्रान्झिस्टर पूर्ण उघडलेला आहे, तर चालू आणि बंद दोन्ही आकडे तळाला चिकटतात आणि वजा करायला काही उरत नाही. तेव्हा प्रोग्रॅमला हात न लावता खिडकीचा पडदा ओढावा.