नफ्यातलं छोटं ऑनलाइन दुकान विकताना: किंमत, कागदपत्रं आणि ताबा

ज्यांचं घरगुती मसाल्यांचं, साड्यांचं किंवा हस्तकलेच्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान एका मालकाच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप म्हणून चालतं, अशांसाठी ही माहिती आहे. दुकान विकायला सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही. खरी पात्रता ठरते ती हिशेबावर. निदान गेल्या दोन वर्षांचा नफा कागदावर दाखवता आला, तरच खरेदीदार बोलणी पुढे नेतो.

नागपूरच्या महालातलं सावजी मसाल्यांचं एक दुकान समजा. वर्षाचा कागदोपत्री नफा ७,२०,०००. त्यात वेबसाइट नव्याने बनवण्याचा ६०,००० खर्च एकदाच झालेला, म्हणून तो नफ्यात परत जोडायचा. पण माल ठेवायला घरातलीच खोली आहे आणि पॅकिंग नणंद पैसे न घेता करते. नव्या मालकाला दोन्हींचे पैसे मोजावे लागतील. खोलीचं भाडं महिना ८,००० म्हणजे वर्षाचे ९६,०००, आणि पॅकिंगच्या माणसाला महिना १०,००० म्हणजे १,२०,०००. हे वजा केल्यावर खरा नफा उरतो ५,६४,०००. मालकीणबाईंच्या स्वतःच्या कामाचा पगार मात्र यातून कापत नाहीत, कारण ती जागा खरेदीदार स्वतः घेणार असतो.

अशा लहान दुकानांना साधारण दोन ते तीन वर्षांच्या नफ्याइतका भाव येतो. गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा येत असतील तर वरचा, सगळी विक्री जाहिरातींवर टेकलेली असेल तर खालचा. अडीच पट धरली तर १४,१०,०००. शिल्लक माल वेगळा, तोही खरेदीच्या भावाने. १,८०,००० च्या मालातला ३०,००० चा मसाला मुदत संपत आलेला असेल, तर तो सोडून १,५०,०००. एकूण १५,६०,०००.

खरेदीदार मागतो ते बँक स्टेटमेंट, GSTR-1 आणि GSTR-3B, आयकर विवरणपत्रं, पेमेंट गेटवेचा आणि कुरिअरचा हिशेब, जाहिरात खात्याचा खर्च. हे कागद वेगवेगळे दाखवून भागत नाही, ते एकमेकांशी जुळावे लागतात. दुकानाच्या पॅनलवर मे महिन्याची विक्री ४ लाख दिसते आणि बँकेत ३ लाख १० हजारच आलेत, तर ९० हजार कुठे गेले हे ओळीओळीने सांगता आलं पाहिजे: परत आलेली पार्सलं, गेटवेची कपात, कुरिअरकडे अडकलेले कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे. माझ्या अनुभवात सौदे भावावरून कमी मोडतात, या न जुळणाऱ्या फरकावरून जास्त. म्हणून महिनावार तक्ता आधीच करून ठेवा. गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर मात्र सौदा पक्का होईपर्यंत झाकूनच दाखवा.

आता सगळ्यांत चुकणारी गोष्ट. जीएसटी क्रमांक पॅनला बांधलेला असतो, तो दुकानाबरोबर जात नाही. खरेदीदाराने आपली नोंदणी आधी करायची. तुमच्या खात्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट शिल्लक असेल, तर विक्री करारात देणी हस्तांतरित होत असल्याचं स्पष्ट लिहा, चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र घ्या आणि पोर्टलवर ITC-02 भरा. समोरच्याने ते स्वीकारलं की क्रेडिट त्याच्या खात्यात जातं. त्यानंतरच REG-16 भरून स्वतःची नोंदणी रद्द करायला टाका, आणि ती रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत GSTR-10 हे शेवटचं विवरणपत्र भरा. घाईत नोंदणी आधीच रद्द केली, तर क्रेडिट अडकतं. आणखी एक: विक्रीपूर्वीच्या काळातल्या जीएसटी थकबाकीला कायद्याने दोघंही जबाबदार असतात, त्यामुळे खरेदीदार काही रक्कम रोखून ठेवायला म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. विक्रीतल्या नफ्यावरचा आयकर वेगळा, तो करारावर सही करण्याआधी सीएकडून काढून घ्या.

खाद्यपदार्थ असतील तर खरेदीदाराला एफएसएसएआयचा परवाना आपल्या नावाने काढावा लागतो. पेमेंट गेटवेचंही तेच, केवायसी तुमच्या पॅनवर असतं. नवं गेटवे खातं सुरू होऊन एक रुपयाची चाचणी ऑर्डर त्याच्या बँकेत जमा झाली, की मगच जुनं बंद करा. ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलेलं असेल तर हस्तांतराचा लेखी दस्त लागतो. डोमेन, दुकानाचं पॅनल, सोशल मीडियाची पानं आणि दुकानाचा ईमेल हे पैसे हातात आल्यावर, शक्यतो एकाच बैठकीत द्या. ईमेल सगळ्यांत शेवटी, कारण बाकी सगळ्यांचे ओटीपी तिथेच येतात.

ताब्यानंतर तीस दिवस मदत करण्याचं करारात लिहा, रोज किती वेळ तेही लिहा. त्यातला एक दिवस खरेदीदाराला इतवारीच्या बाजारात घेऊन जाण्यासाठी ठेवा. मिरची-धण्याचा व्यापारी तुम्हाला वीस दिवसांची उधारी देतो ती तुमच्या शब्दावर, आणि ती कुठल्याच कागदावर नसते. दुकानात बसून, चहा घेऊन, 'आता हे पाहतील, भाऊ' असं तुम्हीच सांगायला हवं. तुमची जुनी उधारी त्याच दिवशी चुकती करून वहीत सही घ्या.