आभाळ आलं की सोलर बंद?

"ऊन नसेल तर सोलर बंद. पावसाळ्यात पॅनल म्हणजे छपरावरची नुसती काच."

पॅनलला लागतो प्रकाश, ऊन नव्हे. ढगांतले पाण्याचे थेंब सूर्यप्रकाश विखुरतात. त्यातला काही वर परत जातो, उरलेला आभाळाच्या सगळ्या बाजूंनी खाली येतो. म्हणूनच अशा दिवशी आपली सावली पडत नाही, तरी अंगणात पेपर वाचता येतो. हाच विखुरलेला प्रकाश पॅनलवर पडून वीज तयार होते.

खात्री करायची तर इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर पॅनलकडून येणारे व्होल्ट आणि अँपिअर बघा. समजा, भर उन्हात ३०० व्होल्ट, ८ अँपिअर म्हणजे २४०० वॅट आहेत. दाट ढगात व्होल्ट २९०च्या आसपास टिकतील, अँपिअर मात्र दीडवर येतील: साधारण ४३५ वॅट. प्रकाश घटला की करंट जवळपास त्याच प्रमाणात घटतो, व्होल्टेज थोडंच उतरतं.

अर्थात, तेवढ्यावर गीझर चालणार नाही. ३ किलोवॅटचा संच स्वच्छ दिवशी १२ युनिट देत असेल, तर काळ्याकुट्ट दिवशी दोन-तीनच देईल. पातळ ढगात बरेच जास्त. पण दिवसभर आकडा शून्यच दिसला, तर ढगांना दोष देऊ नका. आधी एमसीबी पडलाय का ते बघा.