सीटबेल्ट रिमाइंडर आणि सीटवरचे सामान

मोटारीत बसलेल्या व्यक्तीने पट्टा लावला नसेल, तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा आणि ठरावीक लयीतली घंटी यांनी त्याची आठवण करून देणारी यंत्रणा म्हणजे सीटबेल्ट रिमाइंडर. गाडी उभी असताना बहुधा फक्त दिवा लागतो. ठरावीक वेग किंवा अंतर ओलांडले की घंटी सुरू होते आणि बऱ्याच गाड्यांत पुढे ती अधिक जलद वाजते.

चालकाच्या सीटचा प्रश्न सोपा आहे, कारण गाडी चालते आहे म्हणजे तिथे कुणीतरी आहेच. त्याच्या बाबतीत बकलमधला स्विच पुरेसा असतो. शेजारच्या सीटवर मात्र आधी कुणी बसले आहे का, हे कळावे लागते. त्यासाठी सीटच्या कव्हरखाली, फोमच्या वर किंवा फोमच्या तळाशी, एक पातळ मॅट बसवलेली असते. तिच्यात प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांवर वीजवाहक शाईचे ठिपके छापलेले असतात आणि मधल्या थराला त्याच जागी भोके असतात. दाब पडला की वरचा ठिपका खालच्याला टेकतो, रोध घटतो आणि नियंत्रक ‘सीट भरलेली’ अशी नोंद करतो. बकल उघडे, सीट भरलेली आणि गाडी चालू, या तिन्ही गोष्टी जुळल्या की इशारा मिळतो.

ही मॅट वजनकाटा नाही, हे लक्षात घेतले की बाकीचे कोडे सुटते. तिला किलो कळत नाहीत. ठरावीक जागी पडणारा दाब तेवढा कळतो. लॅपटॉप, चार्जर आणि पुस्तके भरलेली ७ किलोची पाठपिशवी घ्या. तळ ३० बाय १२ सेंटीमीटर, म्हणजे ३६० चौरस सेंटीमीटर. ती उभी ठेवली तर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १९ ग्रॅम भार येतो. तीच ४५ बाय ३० सेंटीमीटरच्या पाठीवर आडवी ठेवली, तर भार जेमतेम ५ ग्रॅम उरतो. वजन तेच, दाब जवळजवळ चौथा हिस्सा. म्हणून उभ्या पिशवीने घंटी वाजते आणि आडवी केली की कित्येकदा थांबते. शिवाय पाठीला टेकवून ठेवलेली पिशवी सीटच्या मागच्या-मधल्या भागावर येते. माणसाचा सर्वाधिक भार तिथेच पडतो, म्हणून संवेदनशील ठिपकेही तिथेच असतात. खड्ड्यात गाडी आदळली की दाब क्षणभर वाढतो. अधूनमधून वाजून थांबणाऱ्या घंटीचे हे नेहमीचे कारण.

काही मॅटमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूचे ठिपके एकाच वेळी दाबले गेले तरच सीट भरलेली धरतात. त्यामुळे एका बाजूची छोटी वस्तू सुटते, रुंद पिशवी सुटत नाही. मग दाबाची मर्यादाच का वाढवत नाहीत? कारण किरकोळ अंगाची किंवा सीटच्या कडेला सरकून बसलेली व्यक्ती मग नजरेतून सुटेल. सामानासाठी वाजलेली घंटी त्रास देते. माणसासाठी न वाजलेली घंटी जीव घेऊ शकते. यंत्रणा मुद्दाम पहिल्या चुकीकडे झुकवलेली असते, आणि ते योग्यच आहे.

ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेत १९७४च्या मॉडेलच्या गाड्या पुढच्या सीटवरचे पट्टे लावल्याशिवाय सुरूच होत नसत. सीटवर किराणा सामान किंवा कुत्रा असला तरी गाडी अडे. लोक इतके संतापले की त्याच वर्षी तिथल्या संसदेने ही सक्ती कायद्याने रद्द केली आणि सक्तीच्या घंटीलाही ८ सेकंदांची मर्यादा घातली.

इशारा सामानामुळे आहे की बिघाडामुळे, हे ओळखण्यासाठी सीट पूर्ण रिकामी करून थोडे अंतर गाडी चालवावी. इशारा गेला तर दोष सामानाचा. रिकाम्या सीटवरही राहिला तर मॅटला घडी पडली असेल, कव्हर फार ताणून बसवले असेल किंवा सीटखालचा कनेक्टर सैल झाला असेल. पट्टा लावूनही दिवा राहत असेल तर संशय बकलवर घ्यावा. आत नाणे किंवा खाण्याचे कण गेलेले असतात. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र मल्टिमीटर लावू नये. तो एअरबॅग किंवा पट्टा ताणणाऱ्या प्रीटेन्शनरच्या स्फोटक भागाशी जोडलेला असू शकतो.

सामान डिकीत किंवा मागच्या सीटसमोर पायाशी ठेवणे हा खरा उपाय. अनेक गाड्यांत मागच्या सीटला मॅट नसते, फक्त बकलची स्थिती दिसते. तिथे पिशवीने घंटी वाजत नाही, पण जोरात ब्रेक लागल्यावर सीटवरची पिशवी पुढे फेकली जातेच. शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा नुसता अडकवून घंटी बंद करता येते, पण मग यंत्रणेला तिथे पट्टा लावलेला प्रवासी दिसतो. काही गाड्यांत अपघाताच्या वेळी त्या बाजूची एअरबॅग आणि प्रीटेन्शनर विनाकारण उडतात. बकलमध्ये खोटी क्लिप अडकवून ठेवणे तर सर्वांत वाईट, कारण सामान उतरल्यावर तिथे बसणाऱ्या माणसालाही इशारा मिळत नाही.