एनपीव्ही की आयआरआर: परीक्षेतल्या पेचाचं मूळ

सीए इंटर असो, सीएमए असो की एमबीएचं दुसरं सेमिस्टर, कॅपिटल बजेटिंगच्या पेपरात एक गणित ठरलेलं असतं. दोन प्रकल्प दिलेले असतात आणि त्यांपैकी एकच घ्यायचा असतो. एनपीव्ही, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमांच्या आजच्या मूल्यातून गुंतवणूक वजा करून उरणारी रक्कम, काढला की एक प्रकल्प सरस ठरतो. आयआरआर, म्हणजे ज्या दराला हा एनपीव्ही शून्य होतो तो परताव्याचा दर, काढला की दुसरा. शेवटी विचारलेलं असतं, ‘कंपनीला कोणता प्रकल्प सुचवाल? कारण द्या.’ बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच पाठ केलेलं वाक्य दिसतं: ‘दोन्ही पद्धतींत विरोध आल्यास एनपीव्ही ग्राह्य धरावा.’ वाक्य बरोबर आहे, पण ते कारण नव्हे, नियम आहे. हा विरोध मुळात येतो कुठून, हे समजून घ्यायचं तर १९३०च्या दशकापर्यंत मागे जावं लागतं, कारण तेव्हा एका नावाखाली दोन वेगवेगळ्या कल्पना एकत्र व्हायला सुरुवात झाली.

आधी गणित समोर ठेवू. प्रकल्प ‘अ’ आणि प्रकल्प ‘ब’, दोन्हींत आज १,००,००० रुपये घालायचे आहेत. ‘अ’ पहिल्या वर्षाअखेर ९०,००० आणि दुसऱ्या वर्षाअखेर ३६,००० देतो. ‘ब’ पहिल्या वर्षी फक्त ३०,००० देतो, पण दुसऱ्या वर्षी १,०५,००० देतो. भांडवलाचा खर्च १० टक्के. या दराने ‘अ’चा एनपीव्ही ११,५७० रुपये येतो आणि ‘ब’चा १४,०५०, म्हणजे ‘ब’ घ्या. आता आयआरआर पाहा. ‘अ’चा बरोबर २० टक्के आहे, ‘ब’चा साधारण १८.६ टक्के, म्हणजे ‘अ’ घ्या. गुंतवणूक सारखी, मुदतही सारखी, तरी दोन पद्धती दोन दिशांना बोट दाखवतात.

येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३०च्या ‘द थिअरी ऑफ इंटरेस्ट’मध्ये गुंतवणुकीची निवड कशी करावी याची सविस्तर मांडणी केली. ज्या पर्यायाचं आजचं मूल्य सर्वांत जास्त तो घ्यावा, ही त्यांची पहिली कसोटी. त्याच पुस्तकात त्यांनी आणखी एक दर मांडला, ‘रेट ऑफ रिटर्न ओव्हर कॉस्ट’. यातला ‘कॉस्ट’ हा शब्द नीट पाहायला हवा. फिशर यांच्या लेखी ती यंत्राची किंमत नव्हती. एक पर्याय सोडून दुसरा घेतला तर ज्या वर्षी आपल्याला कमी मिळतं तो तोटा म्हणजे खर्च, आणि ज्या वर्षी जास्त मिळतं तो वाढावा म्हणजे परतावा. थोडक्यात, हा दर एका प्रकल्पाचा नव्हताच, तो नेहमी दोन पर्यायांच्या मधला होता. ज्या दराला दोन्ही पर्यायांचं आजचं मूल्य समान होतं, तो हा दर.

आपल्या गणितात तो काढून पाहा. ‘अ’ सोडून ‘ब’ घेतला तर आज काहीच फरक पडत नाही. पहिल्या वर्षी ६०,००० रुपये कमी मिळतात आणि दुसऱ्या वर्षी ६९,००० जास्त. आज सोडलेल्या नव्हे, पण वर्षभराने सोडलेल्या साठ हजारांवर पुढच्या एका वर्षात नऊ हजार सुटतात, म्हणजे १५ टक्के. भांडवल आपल्याला १० टक्क्यांनी मिळतं, त्यामुळे हा सौदा फायद्याचा आहे आणि ‘ब’ घ्यायला हवा. एनपीव्हीने दिलेलं उत्तर हेच होतं. फिशर यांच्या दराने विचार केला तर विरोध उरतच नाही.

मग तो आला कुठून? १९३६ मध्ये जॉन मेनार्ड केन्स यांचं ‘जनरल थिअरी’ आलं. त्यातल्या अकराव्या प्रकरणात त्यांनी ‘मार्जिनल एफिशियन्सी ऑफ कॅपिटल’ मांडली. एखाद्या मालमत्तेपासून पुढे मिळणाऱ्या रकमांचं आजचं मूल्य ज्या दराने तिच्या किमतीइतकं होतं, तो हा दर. आज आपण ज्याला आयआरआर म्हणतो, त्याचीच ही मांडणी आहे. इथे दुसरा पर्याय नाही, प्रकल्प एकटा उभा आहे आणि तुलना त्याच्या स्वतःच्या किमतीशी आहे. केन्स यांनी मात्र त्याच प्रकरणात लिहिलं की फिशर यांचा दर आणि आपला दर अर्थाने एकच आहे आणि हेतूनेही. माझ्या मते या पेचाच्या इतिहासातलं सगळ्यात महागात पडलेलं विधान हेच. एकटा प्रकल्प घ्यायचा की सोडायचा, एवढाच प्रश्न असेल तर दोन्ही दर एकच येतात, कारण तेव्हा दुसरा पर्याय म्हणजे ‘काहीच न करणे’. दोन प्रकल्पांतून एक निवडायचा म्हटलं की ते वेगळे होतात. आपल्या गणितात एका बाजूला २० आणि १८.६ हे केन्स यांच्या अर्थाचे दर आहेत, दुसऱ्या बाजूला १५ हा फिशर यांच्या अर्थाचा.

पुढची दोनेक दशकं हा फरक फारसा कुणाला बोचला नाही. उलट १९५१ मध्ये जोएल डीन यांचं ‘कॅपिटल बजेटिंग’ आलं आणि कंपन्यांना एक सुटसुटीत रीत मिळाली: प्रकल्प परताव्याच्या दराप्रमाणे वरपासून खाली लावा आणि भांडवलाचा खर्च जिथे येतो तिथे रेघ मारा. एकमेकांशी संबंध नसलेले, नेहमीच्या धाटणीचे प्रकल्प असतील तर ही रीत चालते, कारण रेघेच्या वरचे सगळेच घ्यायचे असतात आणि कोण पहिला, कोण दुसरा याने काही बिघडत नाही. अडचण येते ती ‘यातला एकच’ अशी अट असली की. तेव्हा क्रमालाच सगळं महत्त्व येतं.

१९५५ साली ही गाठ सुटली, तीही दोन बाजूंनी. आर्मेन आल्चियन यांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये दाखवून दिलं की फिशर आणि केन्स यांचे दर एक नाहीत, आणि केन्स यांच्या दराने प्रकल्पांचा क्रम लावला तर निवड चुकू शकते. त्याच वर्षी शिकागोच्या जेम्स लोरी आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी ‘जर्नल ऑफ बिझनेस’मध्ये भांडवलवाटपाच्या तीन अडचणी मांडल्या. त्यांच्या तेलपंपाच्या उदाहरणाकडे पुढे येतोच.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, एझ्रा सॉलोमन यांनी याच नियतकालिकात विरोधाचं ते स्पष्टीकरण दिलं जे आज जवळपास प्रत्येक क्रमिक पुस्तकात सापडतं: मधल्या काळात हाती आलेला पैसा पुन्हा कोणत्या दराने गुंतवला जाईल, यावर निकाल ठरतो. आपल्या गणितात पाहा. पहिल्या वर्षाचे पैसे १० टक्क्यांनी गुंतवले तर दुसऱ्या वर्षाअखेर ‘अ’ घेणाऱ्याच्या हातात ९९,००० अधिक ३६,००० असे १,३५,००० असतील आणि ‘ब’ घेणाऱ्याच्या हातात ३३,००० अधिक १,०५,००० असे १,३८,०००. ‘ब’ तीन हजारांनी पुढे. हाच पैसा २० टक्क्यांनी गुंतवता आला तर ‘अ’चे १,४४,००० आणि ‘ब’चे १,४१,०००, म्हणजे ‘अ’ पुढे. आणि १५ टक्क्यांना? दोघांचेही १,३९,५००. फिशर यांचा दर इथे पुन्हा भेटतो. आपल्याकडे विद्यार्थी त्याला ‘क्रॉसओव्हर रेट’ म्हणून ओळखतात.

इथे एक गफलत मला सतत दिसते आणि तिच्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. ‘आयआरआर पद्धत असं गृहीत धरते की पैसा आयआरआरनेच पुन्हा गुंतवला जातो’ हे वाक्य उत्तरात सर्रास येतं. ‘अ’चा २० टक्के काढताना आपण ९०,००० रुपयांचं पुढे काय झालं हे कुठेही विचारलं नव्हतं. ते पैसे मालकाने घरी नेले असते तरी दर २०च आला असता. म्हणजे दर काढण्यात असं काही गृहीतक नाही. ते शिरतं त्या दराने दोन प्रकल्पांची तुलना करताना. १,००,००० वरचा २० टक्के दर मोठा वाटतो, पण ‘अ’मध्ये त्यातला बराचसा पैसा वर्षभरातच सुटतो आणि त्यानंतर तो २० टक्के कमावत नाही, बाहेर मिळेल तो दर कमावतो. ‘ब’मध्ये जास्त पैसा जास्त काळ १८.६ टक्क्यांनी गुंतलेला राहतो. टक्के दर सांगतात, किती रुपये किती काळ त्या दराने राबले ते सांगत नाहीत. प्रकल्पांचा आकार वेगळा असतो तेव्हाही हेच घडतं, फक्त तिथे ‘किती काळ’ऐवजी ‘किती रुपये’ हा फरक असतो.

यातून परीक्षकाची एक नेहमीची खेळीही कळते. हेच गणित भांडवलाचा खर्च १६ टक्के देऊन विचारलं तर विरोध नाहीसा होतो. दर १५च्या वर गेला की एनपीव्हीसुद्धा ‘अ’लाच कौल देतो. पाठ केलेलं वाक्य लिहिणारा विद्यार्थी तिथेही ‘विरोध आहे’ असं लिहून मोकळा होतो. ज्याने दोन प्रकल्पांच्या शेजारी ‘ब वजा अ’ असा तिसरा स्तंभ आखून ०, −६०,०००, +६९,००० मांडलेलं असतं, त्याला १५ हा आकडा समोर दिसत असतो आणि भांडवलाचा खर्च त्याच्या कोणत्या बाजूला आहे एवढंच पाहायचं राहतं.

पण तिसऱ्या स्तंभालाही एक मर्यादा आहे, आणि ती लोरी-सॅव्हेज यांच्या तेलपंपाने दाखवली. तेलाच्या विहिरीवर मोठा पंप बसवला तर तेल तेवढंच निघतं, फक्त लवकर निघतं. मोठ्या पंपासाठी जादा १,६०० डॉलर लागतात, पहिल्या वर्षी १०,००० डॉलर जास्त मिळतात आणि दुसऱ्या वर्षी तेवढेच कमी. हा जुन्या आणि नव्या पंपातल्या फरकाचाच प्रवाह आहे. त्याचा दर काढायला गेलं तर २५ टक्के येतो. आणि ४०० टक्केही येतो. पडताळा सोपा आहे: २५ टक्क्यांना १०,००० चे ८,००० होतात आणि दुसऱ्या वर्षाच्या १०,००० चे ६,४००, फरक १,६००. ४०० टक्क्यांना २,००० आणि ४००, फरक पुन्हा १,६००.

एक्सेलमध्ये हे तीन आकडे घालून `=IRR(A1:A3)` दिलं तर ते १० टक्क्यांपासून शोध सुरू करतं आणि २५ टक्के दाखवून थांबतं. दुसरं उत्तर अस्तित्वात आहे हे ते सांगत नाही. धोक्याची खूण मात्र गणितातच असते. उणे, अधिक, पुन्हा उणे, असं चिन्ह एकापेक्षा जास्त वेळा बदललं की एकाहून जास्त दर निघू शकतात. १० टक्क्यांनी एनपीव्ही काढला तर तो उणे ७७४ डॉलर येतो, म्हणजे मोठा पंप बसवू नये. भांडवलाचा खर्च ३० टक्के असता तर तोच एनपीव्ही अधिक १७५ डॉलर आला असता, कारण पुढच्या वर्षीचं तेल आजच काढून घेण्यात तेव्हा फायदा असता. ‘२५ टक्के परतावा मिळतो आणि भांडवल १० टक्क्यांनी मिळतं’ एवढ्यावर भिस्त ठेवणाऱ्याने नेमका उलटा निर्णय घेतला असता.