फील्ड बुकचा फोटो पाठवताय? आरएल कसे काढतो आणि "चेक जुळला" म्हणजे नक्की काय, ते वाचून घ्या

आमच्याकडे रोज व्हॉट्सॲपवर फील्ड बुकच्या पानांचे फोटो येतात, खाली एकच ओळ, "आरएल काढून द्या, अर्जंट आहे". काढून देतोच, पण शीट परत गेली की अर्ध्या लोकांचा फोन येतो, "खाली चेक जुळलाय ना, मग सगळं बरोबरच ना?" तर तसं नसतं, आणि का नसतं ते दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकलंय.

उदाहरण म्हणून गटाराच्या कामाचं एक छोटं पान घेऊ. रीडिंग सगळी मीटरमध्ये. साइटवर बीएस, आयएस आणि एफएस एवढे तीनच कॉलम भरलेले होते, एचआय आणि आरएल आम्ही काढले.

| पॉइंट | बीएस | आयएस | एफएस | एचआय | आरएल |
|---|---|---|---|---|---|
| बेंचमार्क | १.२१५ | | | १०१.२१५ | १००.००० |
| अ | | १.६४० | | | ९९.५७५ |
| ब | | १.८७० | | | ९९.३४५ |
| चेंज पॉइंट १ | ०.९८५ | | २.१०५ | १००.०९५ | ९९.११० |
| क | | १.३२० | | | ९८.७७५ |
| ड, नाल्याजवळ | | १.४७५ | | | ९८.६२० |
| चेंज पॉइंट २ | १.५३० | | ०.७६० | १००.८६५ | ९९.३३५ |
| कल्व्हर्टचा स्लॅब | | १.१५० | | | ९९.७१५ |
| परत बेंचमार्क | | | ०.८६८ | | ९९.९९७ |

इथे बेंचमार्क १०० धरलेला आहे, म्हणजे हे आरएल समुद्रसपाटीपासूनचे नाहीत, फक्त या साइटपुरते एकमेकांशी खरे आहेत. गटाराला तेवढं पुरतं.

आता एचआय. पुष्कळ जणांना वाटतं की एचआय म्हणजे ट्रायपॉडची जमिनीपासूनची उंची, टेपने मोजलेली. या पद्धतीत तसं नाही. लेव्हलच्या दुर्बिणीतून जी आडवी रेघ जाते त्या रेघेचा आरएल म्हणजे एचआय, ट्रायपॉड खड्ड्यात ठेवा नाहीतर उंचवट्यावर. बेंचमार्कवर स्टाफ धरला, १.२१५ दिसलं, म्हणजे रेघ बेंचमार्कच्या तेवढी वर आहे, १०० अधिक १.२१५ बरोबर १०१.२१५. मग त्या सेटिंगवरून जिथे जिथे स्टाफ धरला तिथलं रीडिंग यातून वजा करायचं, अ ला १.६४० आहे म्हणून ९९.५७५. रीडिंग मोठं तर जमीन खाली, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका नजरेनेच दिसतात.

पुढचं दिसेना झालं की लेव्हल उचलायची, पण त्याआधी चेंज पॉइंटवर एफएस घ्यायची आणि लेव्हल नव्या जागी लावल्यावर त्याच पॉइंटवर बीएस, स्टाफ तिथून हलता कामा नये. चेंज पॉइंट १ चा आरएल ९९.११० आला, त्यात नवी बीएस ०.९८५ मिळवली की नवा एचआय १००.०९५. क आणि ड यातूनच वजा होतात, जुन्या १०१.२१५ मधून नाही. घाईत लोक नेमके इथेच घसरतात.

आता चेक. सगळ्या बीएसची बेरीज ३.७३०, सगळ्या एफएसची ३.७३३, फरक उणे ०.००३. शेवटचा आरएल वजा पहिला आरएल, ९९.९९७ वजा १००, तोही उणे ०.००३. जुळला. पण नीट बघा, या हिशोबात आयएसचा कॉलम कुठे आलाच नाही. म्हणजे ड चा आरएल चुकून ९८.७२० लिहिला असता तरी हा चेक जुळलाच असता, आणि तुमचं गटार तर आयएसच्या पॉइंटवरच चाललंय!

म्हणून आम्ही दुसरा, लांबडा चेकही लावतो. प्रत्येक एचआयला त्यावरून वजा केलेल्या आयएस-एफएसच्या संख्येने गुणायचं. इथे पहिले दोन एचआय तीन-तीनदा आणि तिसरा दोनदा वापरलाय, सगळं मिळून ८०५.६६०. त्यातून आयएसची बेरीज ७.४५५ आणि एफएसची ३.७३३ काढली की उरतात ७९४.४७२. पहिला सोडून बाकी सगळ्या आरएलची बेरीज करा, तीही ७९४.४७२. ड मध्ये चूक असती तर इथे बरोबर ०.१०० चा फरक पडला असता.

इतकं करूनही एक चूक दोन्ही चेकमधून सुटते, ती म्हणजे फोटोतला आकडाच चुकीचा वाचणं. चेक फक्त आमची बेरीज-वजाबाकी तपासतो, स्टाफवर काय दिसलं होतं ते त्याला माहीत नसतं. एका फोटोत चेंज पॉइंट १ ची एफएस आम्ही २.७०५ वाचली, कारण इंग्रजी १ ला वरती टोपी काढलेली होती. त्याने पुढचे सगळे आरएल ६० सेंटिमीटरने खाली गेले, आणि चेक? उणे ०.६०३ दोन्हीकडे, एकदम मस्त जुळला. पकडलं ते बेंचमार्कने. शेवटी १०० च्या आसपास यायला हवं तिथे ९९.३९७ आलं, आणि ०.६०० असा गोल फरक दिसला की आधी १ आणि ७ ची अदलाबदल शोधायची, त्यांच्यात सहाचाच फरक आहे. खरे तीन मिलिमीटर चालतात, १२ गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ या नेहमीच्या नियमाने पाव किलोमीटरच्या फेरीला सहा मिलिमीटर सूट मिळते.

आयएसमधला चुकीचा आकडा मात्र बेंचमार्कलाही सापडत नाही. क चं १.३२० पुसट फोटोत १.८२० वाचलं तर आरएल ९८.२७५, दोन्ही चेक ओके, क्लोजिंग ओके, आणि क हा पॉइंट नाल्याजवळच्या ड पेक्षा साडेचौतीस सेंटिमीटर खाली! पाणी काय चढून जाणार? हे आजूबाजूचे आरएल बघून माणसालाच कळतं, तेही साइट कशी आहे हे माहीत असेल तर.

म्हणून फोटो काढताना एवढं करा. डावं-उजवं दोन्ही पान येऊ द्या, रिमार्कचा कॉलम कापू नका, "नाल्याजवळ" हे दोन शब्द आम्हाला आकड्याइतकेच लागतात. वही सपाट ठेवून वरून सरळ फोटो घ्या, तिरक्या फोटोत आयएसचा आकडा एफएसच्या कॉलममध्ये सरकल्यासारखा दिसतो. फ्लॅश नको, पेन्सिल चमकते आणि रीडिंग गायब होतं. स्लॅबच्या खालच्या बाजूला स्टाफ उलटा धरला असेल तर त्या रीडिंगपुढची वजाची खूण दिसते का ते झूम करून बघा, कारण ते रीडिंग एचआयमध्ये मिळवायचं असतं. आणि साइटवरच पानाखाली तिन्ही कॉलमची बेरीज लिहून ठेवा, आमच्या वाचनाची बेरीज त्याच्याशी जुळली नाही तर कुठल्या कॉलममध्ये चूक आहे ते दोन मिनिटांत कळतं, क सारखी चूकसुद्धा.

ज्या आकड्याबद्दल शंका असेल तिथे आम्ही शीटवर पिवळा रंग भरतो आणि तुम्हाला फोन करतो. तेव्हा "तुम्हीच काहीतरी धरा" म्हणू नका, वही उघडून बघा.