यील्डपलीकडे वाकवलेल्या आयताकृती तुळईतील अवशिष्ट प्रतिबले

आयताकृती छेदाची तुळई यील्डच्या पलीकडे वाकवून भार काढून घेतला, तर तिच्यावर बाहेरचे कोणतेही बल उरत नाही. तरीही तिच्या आत प्रतिबले अडकून राहतात. त्यांना अवशिष्ट प्रतिबले म्हणतात. या नोंदीत पदार्थ स्थितिस्थापक–आदर्श प्लॅस्टिक धरला आहे. म्हणजे यील्ड येईपर्यंत प्रतिबल विकृतीच्या प्रमाणात वाढते आणि पुढे विकृती कितीही वाढली तरी प्रतिबल तिथेच थांबते. विकृती फार मोठी नसेल, तर सौम्य पोलाद बरेचसे असेच वागते.

६० मिमी रुंद आणि १०० मिमी उंच तुळई घेऊ. यील्ड प्रतिबल २५० मेगापास्कल आणि यंग गुणांक २०० गिगापास्कल. तुळई खाली झुकेल असे नमन परिबल वाढवत नेले, की खालच्या बाजूला ताण आणि वरच्या बाजूला दाब येतो. परिबल २५ किलोन्यूटन-मीटर झाले की दोन्ही कडा यील्डला पोहोचतात. ते आणखी वाढवले, तर यील्ड कडांकडून आत सरकते आणि मध्ये स्थितिस्थापक गाभा उरतो. गाभ्याची अर्धी उंची a आणि तुळईची अर्धी उंची c असेल, तर

```
M = 1.5 My [1 - (a/c)^2 / 3]
```

येथे My म्हणजे कडा यील्डला पोहोचतात तेव्हाचे परिबल. गाभा निम्म्या उंचीचा, म्हणजे ५० मिमी उरेपर्यंत तुळई वाकवली, तर परिबल ३४.३७५ किलोन्यूटन-मीटर येते आणि वक्रतात्रिज्या २० मीटर.

आता भार काढू. उतरताना सगळा पदार्थ पुन्हा स्थितिस्थापक वागतो, यील्ड झालेले थरसुद्धा. म्हणून तेवढेच परिबल उलट दिशेने, साध्या नमन सूत्राने लावायचे आणि आधीच्या प्रतिबलांत मिळवायचे. या सूत्राने कडेला ३४३.७५ मेगापास्कल येतात. विद्यार्थी इथेच अडखळतात: यील्ड २५०, मग ३४३ कुठून? हे पोलादात कधीही प्रत्यक्ष असलेले प्रतिबल नव्हे. तो उतरताना झालेला बदल आहे. खालच्या कडेला २५० ताण होता, त्यातून ३४३.७५ वजा झाले, म्हणून तिथे ९३.७५ मेगापास्कल दाब उरतो. गाभ्याच्या खालच्या सीमेवर, मध्यापासून २५ मिमीवर, बदल १७१.८७५ चा आहे, तिथे ७८.१२५ मेगापास्कल ताण उरतो. मध्यापासून ३६.४ मिमीवर प्रतिबल शून्य होते, आणि उदासीन अक्षावरही. वरच्या अर्ध्यात हेच चित्र उलट चिन्हांनी दिसते. उत्तर बरोबर आहे का, हे पाहण्याचा मार्ग सोपा आहे: या प्रतिबलांचे एकूण परिबल शून्य आले पाहिजे. तसे येत नसेल, तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे.

तुळई पूर्ण सरळ होत नाही. ६४ मीटर त्रिज्येचा बाक राहतो. एक मीटर लांबीत तो जेमतेम २ मिमी भरतो. हा बाक टिकवून धरतात ते बाहेरचे थर. खालचे कायमचे लांबले आहेत, वरचे कायमचे आखूड झाले आहेत. गाभ्याला मात्र यील्ड कधी आलेच नाही, त्यामुळे त्याची नैसर्गिक अवस्था सरळच आहे आणि बाहेरच्या थरांनी त्याला वाकवून ठेवले आहे. नवे प्रतिबल येऊ न देता दोन्ही बाजूंचे २५-२५ मिमी थर काढून टाकले, तर उरलेला गाभा या प्रतिमानानुसार तंतोतंत सरळ होईल. थर काढत जाऊन बाक कसा बदलतो हे मोजायचे आणि त्यावरून अवशिष्ट प्रतिबले काढायची, ही जुनी प्रायोगिक पद्धत याच तत्त्वावर चालते.

हीच तुळई पुन्हा त्याच दिशेने वाकवली, तर नवे यील्ड ३४.३७५ किलोन्यूटन-मीटरलाच सुरू होते, २५ ला नाही. पाटा स्प्रिंगांना वापरापूर्वी कामाच्याच दिशेने यील्डपलीकडे वाकवून घेतात, त्याचे एक कारण हे. शिवाय वापरात ताण येणाऱ्या पृष्ठभागावर आधीच दाब बसलेला राहतो. पण दिशा उलटली, तर खालच्या कडेला आधीच ९३.७५ दाब असल्यामुळे १५.६२५ किलोन्यूटन-मीटरलाच यील्ड येते. दोन्हींची बेरीज ५० होते, म्हणजे My च्या दुप्पट: स्थितिस्थापक पट्ट्याची रुंदी बदलत नाही, तो फक्त सरकतो. खऱ्या पोलादात बाउशिंगर परिणामामुळे उलट दिशेचे यील्ड याहूनही लवकर सुरू होते.

भार उतरताना उलट यील्ड येणार नाही, हे गृहीत आयताला लागू पडते. गाभा पूर्ण नाहीसा होईपर्यंत वाकवले, तरी कडेचा बदल यील्डच्या दीडपटच असतो, दुपटीपर्यंत जात नाही. तेव्हा कडेला यील्डच्या निम्मे प्रतिबल उरते आणि मध्याच्या दोन्ही बाजूंना पूर्ण यील्डएवढे. चौरस सळई कर्णावर उभी ठेवून वाकवली, तर हे प्रमाण बरोबर दोन होते. तिथे हे गृहीत जेमतेम तग धरते.