गं, वं आणि गो (इंदूरच्या मराठी घरांतील लाडाची हाक)

मराठीत जवळच्या स्त्रीला किंवा मुलीला हाक मारताना लावला जाणारा छोटा शब्द प्रदेशागणिक बदलतो. प्रमाण मराठीत तो 'गं' आहे, वऱ्हाडीत 'वं' आणि मालवणीसारख्या कोकणीच्या जवळच्या बोलींत 'गो'. पुरुषासाठीचा 'रे' मात्र तिन्हीकडे चालतो. त्यामुळे नुसत्या 'रे' वरून हाक मारणाऱ्याचे मूळ गाव ओळखू येत नाही, मुलीला मारलेल्या हाकेवरून बहुधा येते. 'वं' ऐकला की वऱ्हाडच, असे मात्र समजू नये. देशावरच्या ग्रामीण बोलण्यातही तो सापडतो.

इंदूरला हे तिन्ही शब्द एकाच वाड्यात ऐकू येऊ शकतात. होळकरांच्या काळापासून इथे देशावरची, कोकणातली आणि वऱ्हाडातली घराणी येत राहिली. १८१८ मध्ये इंदूर होळकरांची राजधानी झाले. पुढे महू–खंडवा–अकोला या मीटरगेज मार्गाने वऱ्हाडाशी सोयरिकी जोडणे सोपे झाले. इथली मराठी आज हिंदी आणि माळवीच्या सहवासात वाढते, आणि लाडाच्या शब्दांचे गैरसमज बहुधा त्यातूनच होतात.

अशा घरातली आठ-नऊ वर्षांची एक नात समजा. अकोल्याची आजी म्हणते, "इकडे ये वं माय, जेवून घे." मालवणची काकू म्हणते, "ये गो बाय, जेवूक बस." इंदुरातच वाढलेली आई म्हणते, "ये गं सोनू, जेवायला बस." तिघींचे सांगणे एकच आणि मायाही तेवढीच. तरी मुलीला दोन शब्द अडतात. आजी मला 'माय' का म्हणते? आणि काकू 'बाय' का म्हणते?

वऱ्हाडीत 'माय' म्हणजे आई खरी, पण मोठी माणसे लहान मुलीलाही याच शब्दाने गोंजारतात. नात्याची अशी उलटापालट प्रमाण मराठीतही होते, फक्त तिचा सूर वेगळा असतो. "अगं माझे आई, ऐक आता!" असे पोरीला म्हटले तर त्यात वैताग असतो. वऱ्हाडी 'माय' मध्ये त्याचा लवलेश नाही, ती रोजची साधी हाक आहे. प्रमाण बोलणाऱ्या सुनेला सासूचे 'माय' टोमण्यासारखे वाटते ते याच कारणाने. त्यात शहराच्या हिंदीत 'माई' हा म्हाताऱ्या बाईसाठीचा शब्द, म्हणून लहान मुलीला तो आणखी विचित्र लागतो.

'बाय' ची अडचण दुसरी आहे. कोकणात तो लेकीबाळींना लावायचा शब्द. मराठीत 'बाई' आदराचाही आहे, अहिल्याबाईंच्या शहरात हे वेगळे सांगायला नको. पण हिंदीच्या रोजच्या वापरात 'बाई' म्हणजे घरकामाला येणारी स्त्री. हिंदी कानाने 'बाय' चे 'बाई' ऐकले की काकूचा लाड हरवतो.

हेच शब्द उद्गार म्हणूनही येतात: 'अगं बाई!', 'अवं माय!', 'गो बाय माझे!' पुढे 'ये', 'घे', 'बस' असे काही सांगणे आले तर ती हाक. नुसताच, स्वर लांबवून आला तर ते आश्चर्य किंवा धास्ती.

वापराचा नियम 'तू' आणि 'तुम्ही' वर ठरतो. जिला 'तू' म्हणतो तिलाच गं, वं किंवा गो. म्हणून आईला आणि आजीला ते चालतात, वयाने कितीही मोठ्या असल्या तरी. जिला 'तुम्ही' म्हणायचे त्या सासूला किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंना 'अहो' च हवे. वऱ्हाडी घरात आदराला 'जी' लागतो, "काय जी?", "हो जी." इंदुरात तो हिंदीतून आला असे धरले जाते, पण वऱ्हाडी माणसाच्या तोंडी तो त्याच्या बोलीचाच असतो.

मुलांसाठीच्या शब्दांत जास्त जपावे लागते. वऱ्हाडी 'पोट्टा' आणि 'पोट्टी' आपल्या पोरांना घरात शोभतात. दुसऱ्याच्या मुलाला तोंडावर तसे म्हणणे उद्धटपणाचे वाटू शकते. मालवणी 'चेडू' (मुलगी) आणि 'झील' (मुलगा) मध्ये असा खडबडीतपणा नाही. 'चेडू' नपुंसकलिंगी आहे, आणि कोकणीत तरुण मुलीविषयी बोलताना क्रियापदही नपुंसकलिंगी येते. प्रमाण मराठीत 'ते बाळ', 'ते लेकरू' इथवर हे चालते. वयात आलेल्या मुलीचे नाव घेऊन 'ते आलं' म्हटले तर ऐकणारा चमकतो.

आजीला उत्तर देताना नातीने 'आले गं आजी' म्हणावे की 'आले वं आजी'? दोन्ही बरोबर आहेत. आजीच्या मांडीवर वाढलेल्या मुलीच्या तोंडी 'वं' आपोआप येतो, आणि आजीला तो फार गोड लागतो. बाहेरच्या पाहुण्याने तोच उचलला तर मात्र नक्कल केल्यासारखी वाटते. त्याने आपला 'गं' च ठेवावा.